सर, काळजी नको, सगळं होऊन जाईल!

कार्यक्रमाच्या आधी आयोजकांकडून वक्त्याला जी शेवटची मेल येते, वेळ-हॉल-प्रोजेक्टर कळवणारी, तिच्याबद्दल आज थोडं भांडायचंय. नमुना म्हणून मला आलेली एक मेल देतो. पाठवणाऱ्या कॉलेजचं नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी मेल हीच असते. मूळ इंग्रजीचं मराठी करून:

"आदरणीय सर, आपलं सत्र शनिवारी सकाळी ११.३० ते १ या वेळेत सेमिनार हॉलमध्ये निश्चित करण्यात आलेलं आहे. प्रोजेक्टरची सोय आहे. विद्यार्थ्यांचा उत्तम प्रतिसाद अपेक्षित आहे. कृपया पोच द्यावी."

आता यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वेळ आहे, जागा आहे, उपकरण आहे, श्रोते आहेत. चारही रकाने भरलेत. माझं म्हणणं असं की चारही रकाने रिकामे आहेत, फक्त त्यात शब्द टाकलेत. एखाद्या वाक्यात माहिती आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे: ते वाचून वक्ता घरी बसून काही वेगळं करेल का? "प्रोजेक्टरची सोय आहे" वाचून मी काय वेगळं करू? प्रोजेक्टर नसता तर बोलावलंच कशाला असतं? :)

आपल्या धंद्यात याला स्पेक म्हणतात. क्लायंटने "सिस्टीम फास्ट हवी" असं लिहून दिलं तर आपण त्याला विचारतो, किती युजर्स, किती सेकंद, कुठल्या मशीनवर. तोच इंजिनियर शनिवारी कार्यक्रमाचा आयोजक झाला की "उत्तम प्रतिसाद अपेक्षित" लिहून मोकळा होतो. ही मेल म्हणजे शिष्टाचार आहे, आभाराची आगाऊ चिठ्ठी आहे, असा जो समज आहे तिथेच सगळी गडबड आहे.

तर या एकाच मेलचं पोस्टमॉर्टेम करू. सत्राचा विषय होता पोस्टग्रेसमध्ये क्वेरी हळू का चालते. दीड तास, मुलांनी स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघायचं, असं फोनवर ठरलेलं. माझा आराखडा: पंधरा मिनिटं बोलणं, एक तास हातानं काम, पंधरा मिनिटं प्रश्न.

आधी वेळ घ्या. ११.३० ते १ ही वेळ कोणाची? माझी की स्लॉटची? या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि आपल्याकडे तर फारच वेगळ्या असतात. ११.३० ला दीपप्रज्वलन सुरू झालं. मग प्राचार्यांचं मनोगत, विभागप्रमुखांचं मनोगत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, फोटो. माईक माझ्या हातात आला तेव्हा १२ वाजून ५ मिनिटं झाली होती. आणि १२.५० ला एक मुलगा येऊन हळूच म्हणाला, "सर, एक वाजता जेवण लागतं, आभारप्रदर्शन पण व्हायचंय." म्हणजे नव्वद मिनिटांची पंचेचाळीस झाली. सत्काराला माझी ना नाही. पण तो अचानक उपटलेला नव्हता, कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला होता. आयोजकांना ठाऊक होतं, फक्त मेलमध्ये नव्हतं. "उद्घाटन ११.३०, तुमचं बोलणं १२.०५ ते १२.५०, प्रश्न याच वेळेत" एवढी एक ओळ लिहिली असती तर मी हातानं करायचा भाग आठवडाभर आधीच उडवला असता.

वेळेचा हाच घोळ ऑनलाइन सत्रात दुसऱ्या रूपात येतो. जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या आयोजकाने "संध्याकाळी ६, ईएसटी" असं लिहिलं की पुण्यातल्या वक्त्याने गजर कितीचा लावायचा? उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं आणि त्या वेळेचं नाव ईडीटी. घड्याळाप्रमाणे चाललात तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, ३.३०. लिहिलेल्या अक्षराप्रमाणे चाललात तर ४.३०. आपलं आयएसटीही काही एकट्या भारताचं नाही, आयर्लंड आणि इस्रायलवालेही तीच तीन अक्षरं वापरतात. म्हणून लघुनाम लिहूच नये. शहराचं नाव लिहावं, दोन्हीकडची वेळ तारखेसकट लिहावी, आणि कॅलेंडरची फाइल जोडावी ती वेळेच्या पट्ट्यासकट:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250621T113000
```

यातला TZID गाळला आणि शेवटी Z पण नाही, तर ती वेळ तरंगती होते. जो उघडेल त्याच्या गावची साडेअकरा! वक्ता पुण्यात आणि आयोजक सिंगापूरला असला की दोघांच्याही कॅलेंडरात ११.३० दिसतं आणि दोघंही खूश असतात, प्रत्यक्ष दिवस उजाडेपर्यंत.

आता हॉल. "सेमिनार हॉल" या नावाच्या दोन खोल्या त्या कॉलेजात होत्या. एक मुख्य इमारतीत पहिल्या मजल्यावर, एक कॉम्प्युटर विभागात. हे गेटवरच्या वॉचमनला माहीत होतं, मेलला नव्हतं. पण ते सोडा, दहा मिनिटं पायपीट झाली एवढंच. खरा प्रश्न खोलीच्या नावाचा नसून लांबीचा असतो, आणि ती कोणीही कधीही कळवत नाही.

का हवी लांबी? सभागृहं आखणाऱ्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: पडद्याच्या उंचीच्या आठ पट अंतरापर्यंत नुसतं बघण्याचं काही दाखवता येतं, वाचायचा मजकूर असेल तर सहा पट, आणि बारकाईने बघायचं असेल तर चार पट. त्या हॉलचा पडदा साधारण दीड मीटर उंच होता आणि शेवटची रांग पंधरा मीटरवर. म्हणजे दहा पट. हे आकडे डोक्यात शिरत नसतील तर घरी करून बघा. चौदा इंची लॅपटॉपची स्क्रीन साडेसतरा सेंटीमीटर उंच असते. दहा पट म्हणजे पावणेदोन मीटर. लॅपटॉप टेबलावर ठेवून पावणेदोन मीटर मागे जा आणि तुमचा रोजचा टर्मिनल वाचून दाखवा. शेवटच्या रांगेतल्या पोराला तेवढंच दिसतं. दोन आकडे, पडद्याची उंची आणि शेवटच्या रांगेचं अंतर, आणि वक्त्याला आपल्या घरात बसून शेवटच्या रांगेत बसता येतं. टेप घेऊन मोजायला दोन मिनिटं लागतात हो!

उपकरणांकडे येऊ. प्रोजेक्टर होता, खोटं कशाला बोला. जुना चौकोनी, १०२४ बाय ७६८ चा, व्हीजीए केबलचा. हल्लीच्या स्लाइड्स १६:९ च्या. त्या अशा प्रोजेक्टरवर टाकल्या की रुंदी १०२४ पुरते, उंची मात्र ५७६ वर थांबते. वर-खाली मिळून पाव पडदा काळा. जो पडदा आधीच शेवटच्या रांगेला लहान होता त्याचाही चौथा हिस्सा गेला. शिवाय व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे ज्याच्या भाषणात व्हिडिओ आहे त्याने काय करायचं ते बघावं. आणि नव्या लॅपटॉपला व्हीजीएचं भोक नसतंच. यूएसबी-सी असतं, पण यूएसबी-सीच्या प्रत्येक भोकातून चित्र बाहेर पडतं असंही नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. हे वक्त्याने घरी तपासायचं काम आहे, मान्य. पण समोरून कुठली केबल येणार आहे हे कळल्याशिवाय तो तपासणार काय?

माझ्या विषयाला हे किती नडलं ते सांगतो. पोस्टग्रेसचा क्वेरी प्लॅन असा दिसतो, आणि ही फक्त एक ओळ आहे:

```
->  Seq Scan on orders  (cost=0.00..18334.00 rows=5000 width=44) (actual time=0.021..142.507 rows=412310 loops=1)
```

शंभराहून जास्त अक्षरं. सगळा धडा यातल्या दोन आकड्यांमध्ये आहे: प्लॅनरला वाटलं ५००० ओळी निघतील, निघाल्या ४ लाख १२ हजार ३१०. अंदाज एवढा चुकला म्हणून पुढचा सगळा बेत चुकीचा ठरला. हे दोन आकडे एकमेकांशेजारी दिसले तरच कळतं. आता शेवटच्या रांगेला दिसेल एवढं अक्षर मोठं केलं की या पडद्यावर एका ओळीत पन्नास-साठ अक्षरं बसतात. एका ओळीच्या तीन होतात, एक आकडा वरच्या तुकड्यात, दुसरा खालच्या, आणि आठ-दहा ओळींचा प्लॅन म्हणजे नुसता खिचडा. ओळ लहान करायला

```
EXPLAIN (ANALYZE, COSTS OFF)
```

असं देता येतं, पण मग अंदाजाचा आकडाच गायब होतो, म्हणजे जे दाखवायचंय तेच पुसलं जातं. खरा उपाय एकच: प्रत्येक प्लॅनची हाताने, दोनच रकान्यांची स्लाइड करायची. त्याला घरी एक संध्याकाळ लागते. स्टेजवर, मागे प्राचार्य बसलेले असताना, ते होत नाही. म्हणूनच म्हणतो की केबल, रिझोल्यूशन आणि पडद्याचा आकार ही आयोजकाची किरकोळ बाब नाही, त्यावर वक्त्याच्या स्लाइड्स ठरतात.

माईकचंही तेच. पोडियमला पक्का बसवलेला माईक, आणि लॅपटॉपचं टेबल केबल पुरेल तिथे, म्हणजे पंधरा फुटांवर. बोलायला जावं तर कीबोर्ड नाही, टाइप करायला जावं तर आवाज नाही. शेवटी एका विद्यार्थ्याला लॅपटॉपपाशी बसवलं आणि मी पोडियमवरून "एंटर दाब" म्हणत राहिलो. कॉलर माईक आहे का, एवढंच विचारायचं असतं. हातात धरायचा माईक असेल तर एका हाताने कोड लिहावा लागतो, हे कळलं तर मी टाइप करायच्या ऐवजी आधी रेकॉर्ड करून आणेन. आणि ज्यांच्याकडे आयोजकांच्याच पीसीवर स्लाइड्स चालवायचा नियम असतो त्यांनी तर तो ठळक अक्षरात कळवायलाच हवा, कारण तिथे वक्त्याचा मराठी फाँट नसला की देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात.

राहिले श्रोते. "उत्तम प्रतिसाद". फोनवर चाळीस जण म्हणाले होते. आले एकशे ऐंशी. का? तर शेवटच्या दोन दिवसांत कोणीतरी विचार केला की हॉल रिकामा दिसला तर बरं दिसणार नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन तुकड्यांना हजेरी सक्तीची केली. त्यातल्या बहुतेकांकडे लॅपटॉप नव्हता, आणि डेटाबेसचा विषय त्यांना पुढच्या सत्रात होता. उलट फुकट नोंदणीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात दीडशे नावं असतात आणि साठ माणसं येतात. दोन्हीकडे मेलमध्ये एकच आकडा, आणि तो कशाचा आकडा हे गुलदस्त्यात: नोंदणी झालेल्यांचा, खुर्च्यांचा, की आयोजकांच्या आशेचा?

आकड्याने काय फरक पडतो ते हिशोबानेच बघा. सरावासाठीचा डेटा ३०० एमबीचा होता. हॉलचं वायफाय ५० एमबीपीएसचं, आणि ते पूर्ण मिळालं असं समजू, जे कधीच मिळत नाही. चाळीस जणांचे १२ जीबी होतात, उतरायला बत्तीस मिनिटं. एकशे ऐंशी जणांचे ५४ जीबी, दोन तास चोवीस मिनिटं. म्हणजे चाळीस असतील तर आठ पेनड्राइव्ह नेऊन पाच-पाच जणांत एक फिरवायचा, काम झालं. एकशे ऐंशी असतील तर करून बघण्याचं सत्र ठेवायचंच नाही, दुसरं काहीतरी तयार करायचं. चाळीस आणि एकशे ऐंशी यांच्यात साडेचार पटीचा फरक आहे म्हणून सत्र साडेचार पट मोठं होत नाही, ते वेगळंच सत्र होतं. आणि ज्यांनी जॉइन हा शब्द अजून ऐकला नाही अशांसमोर तर तिसरंच.

आता या मेलला मी उत्तर दिलं नव्हतं का? दिलं होतं. केबल कुठली, माईक कुठला, मुलं किती, त्यांच्याकडे लॅपटॉप आहेत का, असे चार प्रश्न ओळीने. उत्तर एका ओळीत आलं: "सर, काळजी नको, सगळं होऊन जाईल." हे वाक्य आपल्याकडे आपुलकीने म्हटलं जातं आणि म्हणूनच ते घातक आहे. पुन्हा विचारलं तर आपण संशयी ठरतो, अविश्वास दाखवतो असं होतं. "होऊन जाईल" मध्ये कर्ताच नाही. कोण करणार, कधी करणार? ज्या कामाला कर्ता नाही ते काम शनिवारी सकाळी अकराला वक्ताच करत असतो.

यावर नेहमीचे तीन आक्षेप येतात. पहिला: "आयोजक विद्यार्थी असतात, हौशी असतात, पदरमोड करून करतात." बरोबर. पण त्याच हौशी पोरांनी हॉलची सजावट केली, फ्लेक्स छापला, स्मृतिचिन्हावर माझं नाव कोरून घेतलं. कष्टाची कमतरता नव्हतीच. त्यातली वीस मिनिटं टेप घेऊन हॉलमध्ये गेली असती तर? दुसरा: "चांगला वक्ता कुठल्याही परिस्थितीत निभावून नेतो." नेतो, आणि मीही निभावलं, पंचेचाळीस मिनिटं फळ्यावर खडूने इंडेक्सचं झाड काढलं. पण मुलांना जे करून बघायला मिळणार होतं ते मिळालं नाही. निभावण्यात वक्त्याची अब्रू राहते, नुकसान श्रोत्यांचं होतं. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: "आकडा आम्हालाच आधी माहीत नसतो." खरंय. पण मग तेच लिहा ना! नोंदणी इतकी, गेल्या वेळी इतक्यांतून इतके आले, खुर्च्या इतक्या, आणि गुरुवारी पुन्हा कळवतो. अनिश्चित आकडा सांगता येतो. "उत्तम" हा मात्र आकडा नव्हे.

नुसतं भांडून उपयोग नाही, म्हणून ती मेल कशी हवी होती तेही लिहितो. दोन आठवडे आधी एकदा, आणि दोन दिवस आधी बदल असतील तर पुन्हा.

"नमस्कार. शनिवार २१ जून. तुम्ही ११.१५ ला पोचावं, लॅपटॉप जोडून बघू. ११.३० ला उद्घाटन आणि सत्कार. तुमचं बोलणं १२.०५ ते १२.५०, प्रश्न धरून. एक वाजता जेवण, त्यामुळे वेळ वाढणार नाही.

हॉल: कॉम्प्युटर विभाग, दुसरा मजला, खोली २०४. मुख्य इमारतीतही सेमिनार हॉल आहे, तो नव्हे. पडदा दीड मीटर उंच, शेवटची रांग पंधरा मीटरवर. खुर्च्या पक्क्या, समोर टेबल नाही.

उपकरणं: प्रोजेक्टर ४:३, १०२४ बाय ७६८, फक्त व्हीजीए केबल, आवाजाची वेगळी सोय नाही. तुमचाच लॅपटॉप वापरायचा. माईक पोडियमला पक्का आहे, कॉलर माईक नाही. वायफाय ५० एमबीपीएस, सगळ्यांत मिळून.

श्रोते: नोंदणी ४०. दुसऱ्या वर्षाला सक्ती करायचं चाललं आहे, तसं झालं तर १८० होतील, बहुतेकांकडे लॅपटॉप नाही. गुरुवारी संध्याकाळी नक्की कळवतो.

यात काय जमणार नाही ते सांगा. त्या दिवशी हॉलमध्ये मी असेन, हा माझा नंबर."

बघा, यात एकही सोय वाढलेली नाही. प्रोजेक्टर तोच जुना, माईक तोच गंजका, मुलं तीच. तरीही ही मेल मिळाली असती तर मी हाताने केलेल्या बारा स्लाइड्स ४:३ मध्ये, मोठ्या अक्षरात नेल्या असत्या आणि पंचेचाळीस मिनिटांचं वेगळं सत्र घेतलं असतं. आणि शेवटचं वाक्य बघा. "कृपया पोच द्यावी" म्हटलं की माणूस "पोचलं, धन्यवाद" लिहितो आणि विसरतो. "यात काय जमणार नाही" म्हटलं की त्याला मेल पुन्हा वाचावी लागते.

वक्त्यांनाही एक सांगणं आहे. ही मेल येईपर्यंत वाट बघू नका, वरचाच मजकूर रिकाम्या जागा ठेवून आयोजकांना पाठवा. "प्रोजेक्टर आहे का" विचारलं तर "आहे" येतं. "केबलच्या टोकाचा फोटो पाठवा" म्हटलं तर केबल येते. :) आणि गुरुवारपर्यंत आकडा आला नाही तर फोन करा, कारण शुक्रवारी रात्री स्लाइड्स बदलायच्या आहेत त्या तुम्हाला, आयोजकांना नव्हे.